एक नाव, दोन लिप्या

मराठी बाजारात मालाच्या ओळखीच्या खुणेला 'छाप' हा शब्द फार दिवसांपासून रूढ आहे. छाप म्हणजे ठसा, आणि ठसा म्हणजे मुळात चित्र. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईची भुकटी बाजारात आणली ती घोड्याच्या छापाने, आणि पुढे त्यांची शाई ओळखली जाऊ लागली ती उंटाच्या छापाने. घोडा काय किंवा उंट काय, दोघांनाही लिपी नसते. बाळबोध वाचणारा, इंग्रजी वाचणारा आणि मुळीच न वाचणारा असे तिघेही गिऱ्हाईक एकाच चित्रावर बोट ठेवू शकत. त्या काळी छापाचे रूप ठरविणे हे चित्रकाराचे काम होते. आज मात्र छाप म्हणजे बहुधा नाव असते, आणि ते नाव दोन लिप्यांत लिहावे लागते. तेव्हा ते काम चित्रकाराचे न राहता शुद्धलेखनाचे आणि उच्चारशास्त्राचे होऊन बसते.

हे नाव दोन लिप्यांत लिहावयाचे ते केवळ हौसेसाठी नव्हे. किरकोळ विक्रीच्या बंद वेष्टनांवर जो मजकूर असावा लागतो, तो हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत असला पाहिजे, असे २०११ चे वेष्टनांविषयीचे नियम सांगतात. महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात, आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली. याचा परिणाम असा की एकच नाव दोन लिप्यांत, एकाच पाटीवर, शेजारीशेजारी आणि जवळजवळ सारख्याच आकारात उभे राहते. दोहोंत विसंगती असली तर ती रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते.

या प्रश्नाचा उलगडा करण्यास एखादे सोपे नाव घेऊन चालावयाचे नाही. 'किर्लोस्कर' हे नाव रोमन लिपीत Kirloskar असे उतरते. त्यात एकही अक्षर असे नाही की जे परत देवनागरीत आणताना वाचक गोंधळेल. असे भाग्य सगळ्याच नावांच्या वाट्याला येत नाही. म्हणून येथे उदाहरणादाखल असे नाव घेतले आहे की ज्यात मराठीच्या बहुतेक अडचणी एकवटल्या आहेत. ते नाव पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाचे.

राळेगणसिद्धीचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले ते दोन वेळा. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे पाणी अडविण्याची व जिरविण्याची जी कामे झाली, त्यांमुळे ग्रामविकासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे गाव ठाऊक झाले. पुढे २०११ साली दिल्लीतील उपोषणामुळे ते रोजच्या वृत्तपत्रांत आले. परंतु वृत्तपत्रांत आले ते एका रूपाने नव्हे. इंग्रजी वृत्तपत्रांनी कधी Ralegan Siddhi असे छापले, तर कधी Ralegaon Siddhi असे. हिंदी वृत्तपत्रांत 'रालेगण सिद्धि' आले. म्हणजे गाव एक, आणि दोन लिप्यांत मिळून त्याची रूपे तीन-चार!

आता अशी कल्पना करावी की या गावातील काही शेतकरी एकत्र येऊन आपला कांदा आपल्या गावाच्या नावाने परगावी पाठवू इच्छितात. पारनेर तालुक्यात कांदा पुष्कळ पिकतो, आणि पिशवीवर गावाचे नाव असले तर त्या नावाच्या लौकिकाचा लाभ मालाला मिळेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. पिशवीवर वर देवनागरी व खाली रोमन अशा दोन ओळी घालावयाच्या आहेत. मग देवनागरी ओळ कशी लिहावी, आणि तिच्याखालची रोमन ओळ कोणती असावी?

पहिले पाऊल देवनागरीचे असले पाहिजे, कारण जे मूळ रूपच अनिश्चित आहे त्याची प्रतिकृती निश्चित कशी होणार? पुष्कळांना वाटते की देवनागरीत काही ठरवावयाचे नसते. जसे बोलतो तसे लिहितो. वस्तुस्थिती तशी नाही. 'सिद्धि' हा संस्कृत शब्द ऱ्हस्व आहे, आणि जुन्या मराठी पुस्तकांतून तो तसाच छापलेला आढळतो. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले. त्यांनुसार असे शब्द मराठीत दीर्घान्त लिहावयाचे ठरले, आणि 'सिद्धी' हे रूप प्रमाण झाले. हिंदीत ऱ्हस्वच राहिले. तेव्हा शेतकऱ्यांनी प्रथम हे ठरवावे की आपले नाव मराठी आहे, सबब ते दीर्घ लिहिले जाईल, आणि हिंदी प्रदेशात जाणाऱ्या पिशवीवरसुद्धा ते बदलणार नाही. विशेषनाम परप्रांतात गेले म्हणून आपला पोशाख बदलत नसते.

याहून मोठा धोका 'द्ध' या जोडाक्षरात आहे. येथे आधी अर्धा द आणि मग पूर्ण ध असा क्रम आहे. परंतु कितीतरी पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर व वेष्टनांवर हा क्रम उलटा होऊन 'सिध्दी' असे रूप छापलेले दिसते. या चुकीचे कारण असे की दोन्ही जोडाक्षरे सारखीच दाट दिसतात, आणि अक्षरजुळणी करणारा कानापेक्षा डोळ्यावर अधिक विसंबतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. शब्द सावकाश उच्चारावा: सिद्, मग धी. अडखळून थांबण्याची जागा द वर येते, आणि श्वास सुटतो तो ध वर. ज्या ठिकाणी जीभ थांबते ते अक्षर आधी, हा नियम एकदा ध्यानी आला की 'बुद्धी', 'शुद्ध', 'प्रसिद्ध' यांपैकी कशातही घोटाळा होत नाही.

तिसरी गोष्ट शब्द जोडण्याची वा तोडण्याची. पारनेर तालुक्यातच राळेगण थेरपाळ नावाचे दुसरे गाव आहे, आणि नगर तालुक्यात राळेगण म्हसोबा आहे. म्हणजे 'राळेगण' हे या मुलखातले सामाईक नाव, आणि 'सिद्धी' ही त्यातील एकाची ओळख. यावरून एक महत्त्वाचा निर्णय निघतो: नाव आखूड करावयाचे म्हणून नुसते 'राळेगण' लिहिता येणार नाही. आणखी आखूड करून 'राळे' केले तर परिस्थिती अधिकच बिघडते. राळे हे एका तृणधान्याचे नाव आहे. कांद्याच्या पिशवीवर ते वाचून मराठी गृहिणी आत धान्य आहे असे समजेल, आणि रोमन लिपीतील Rale हे चार अक्षरी रूप इंग्रजी वाचणारा 'रेल' असे वाचील. एका लिपीत दुसरा पदार्थ आणि दुसऱ्या लिपीत आगगाडी! तेव्हा पूर्ण नाव, दीर्घ ई, आणि द नंतर ध, असे 'राळेगणसिद्धी' हे रूप देवनागरीपुरते पक्के करावे, आणि मगच दुसऱ्या लिपीकडे वळावे.

रोमन लिपीत जाताना पहिली अडचण 'ळ' ची. त्या लिपीत या ध्वनीला अक्षरच नाही. विद्वानांच्या ग्रंथांत 'एल' खाली टिंब देऊन तो दाखवितात. परंतु टिंब पिशवीवर डाग म्हणून दिसेल, आणि टंकयंत्रावर किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर ते सहजी उमटविता येणार नाही. कोणी एल हे अक्षर दोनदा लिहून पाहतात. पण इंग्रजी वाचणाराला दोन एल म्हणजे ळ असे कोणी शिकविलेले नाही. तो फक्त आधीचा स्वर आखूड करील आणि 'राळे' चे 'रॅले' होईल. मग उरतो तो साधा एल. मराठी मुलखाने हा प्रश्न पूर्वीच निकालात काढला आहे. जळगाव हे Jalgaon होते, धुळे हे Dhule होते, आणि चितळे हे Chitale होते. १९३९ साली भिलवडीला सुरू झालेल्या चितळ्यांच्या दूधव्यवसायाचे नाव रोमन लिपीत वाचताना मराठी माणूस ळ आपोआप उच्चारतो, आणि परप्रांतीय माणूस ल म्हणतो. दोघांनाही मिळणारी वस्तू एकच असते.

येथे एक तत्त्व हाती लागते, आणि पुढील सारा निर्णय त्याच्या आधाराने करावयाचा आहे. लिपी बदलताना काही ना काही गळणारच; गळू नये असा आग्रह धरला तर नाव अवजड होते. परंतु गळतीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात उच्चार थोडा बोथट होतो, पण नाव तेच राहते. दुसऱ्या प्रकारात नाव पालटून दुसऱ्याच कशाचे तरी नाव होते. पहिली गळती सोसावी. दुसरी मुळीच सोसू नये. ळ चा ल होणे ही पहिल्या प्रकारची गळती आहे. ण चा न होणे हीही तशीच. रालेगन असे कोणी म्हटले तर मराठी कानाला ते खटकेल, पण तो माणूस राळेगणालाच पोहोचेल.

आता दुसऱ्या प्रकारची उदाहरणे पाहावीत. Ralegaon Siddhi हे रूप कोठून आले असेल? महाराष्ट्रातील असंख्य गावांची नावे 'गाव' ने संपतात आणि रोमन लिपीत त्यांचा शेवट 'जी, ए, ओ, एन' असा होतो. जळगाव, मालेगाव, कोरेगाव ही नावे ज्याच्या हाताला सवयीची आहेत, त्याला गण हे गावाचेच चुकलेले रूप वाटते, आणि तो आपल्या समजुतीने शुद्ध करून मध्ये एक 'ओ' घालतो. पण त्या एका ओकारामुळे नाव पारनेरहून उठून विदर्भात जाते, कारण राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे आणि त्याचे रोमन रूप नेमके Ralegaon असे आहे. पिशवी, पत्र किंवा पैशाची हुंडी चुकीच्या पत्त्यावर जाण्यास एवढे पुरे आहे. म्हणून येथे ओ नको; गण हे गणच राहिले पाहिजे.

'सिद्धी' च्या बाबतीतही असेच आहे. इंग्रजीत एकाच जागी तीन व्यंजने, डी, डी आणि एच, लिहिणे अनेकांना जड वाटते आणि ते एखादे अक्षर कमी करू पाहतात. शेवटचा एच गाळला तर Siddi उरते. हे वाचताच ज्याला इतिहास ठाऊक आहे त्याच्या डोळ्यांपुढे जंजिऱ्याचे सिद्दी उभे राहतात. दोनांपैकी एक डी गाळला तर Sidhi होते, आणि हे मध्य प्रदेशातील सीधी या जिल्ह्याच्या नावाचे रूप आहे. याचा अर्थ असा की ती तीनही अक्षरे आपापले काम करीत आहेत. पहिला डी म्हणजे थांबलेली जीभ, दुसरा डी व एच मिळून सुटलेला श्वास. देवनागरीत जो क्रम आपण कानाने निश्चित केला, तोच रोमन लिपीत डोळ्यांनी दिसतो. 'सिध्दी' या चुकीच्या रूपाचे रोमन भाषांतर कोणी करू गेला तर त्याला एच आधी लिहावा लागेल, आणि तसे कोणीही लिहीत नाही. यावरूनही देवनागरीतील चूक उघडी पडते.

स्वरांची लांबी दाखविण्याचा मोहही आवरला पाहिजे. रा दीर्घ आहे म्हणून दोनदा 'ए' लिहावा, सिद्धी दीर्घ आहे म्हणून शेवटी दोनदा 'ई' लिहावी, असे केले तर नाव Raalegan Siddhee असे होते. उच्चार अचूक साधला, पण चेहरा बिघडला. राजा, राम, राणी या नावांत पहिल्या अक्षराला एकच ए पुरतो याची भारतीय वाचकाला सवय आहे. म्हणून तेथे दुसऱ्या ए ची गरज नाही. शेवटच्या ई चे तर आणखी सोपे आहे. सिद्धि व सिद्धी या दोन्ही रूपांना एकच 'आय' चालतो. म्हणजे मराठी आणि हिंदी यांमधला जो ऱ्हस्वदीर्घाचा भेद देवनागरीत त्रास देत होता, तो रोमन लिपीत आपोआप मिटतो. लिपीची उणीव येथे सोयीची ठरते.

राहता राहिला शब्द तोडण्याचा प्रश्न. देवनागरीत राळेगणसिद्धी हे एकत्र लिहिले तरी वाचताना अडचण पडत नाही, कारण प्रत्येक अक्षर स्वतंत्र उभे असते आणि ण नंतर सि असे डोळ्यांना दिसते. रोमन लिपीत तेरा अक्षरांची अखंड माळ झाली की इंग्रजी वाचणारा ती आपल्या सवयीने तोडतो, आणि 'रालेगन्स' असा अनेकवचनी तुकडा प्रथम वाचतो. म्हणून रोमन लिपीत दोन शब्द आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे, म्हणजे Ralegan Siddhi, हे योग्य. संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र मोकळी जागा चालत नाही, म्हणून तेथे ralegansiddhi असे सलग लिहावे लागेल. यात विसंगती नाही; अक्षरे व त्यांचा क्रम तोच आहे, फक्त मधले अंतर गेले आहे. अक्षरे बदलू नयेत, एवढाच कटाक्ष.

येथवर जे झाले ते टेबलाशी बसून झाले. त्याची परीक्षा माणसांवर केली पाहिजे. ती करण्याची रीत अशी: ठरलेले रोमन रूप एका कोऱ्या कागदावर लिहावे, त्याच्याजवळ चित्र किंवा पत्ता काहीही देऊ नये, आणि ज्यांना या गावाची माहिती नाही अशा माणसांना ते मोठ्याने वाचून पुन्हा देवनागरीत लिहावयास सांगावे. दहा मराठी वाचणारे, दहा हिंदी वाचणारे आणि दहा केवळ इंग्रजीची सवय असलेले असे तीन गट घेतले तर पुरे. केवळ इंग्रजीच्या सवयीच्या गटाला देवनागरी लिहिता येत नसेल तर त्यांचा उच्चार ऐकून दुसऱ्याने टिपावा. नंतर याच्या उलट करावे. दूरध्वनीवरून नाव एकदाच उच्चारावे आणि ऐकणाऱ्याने रोमन लिपीत काय लिहिले ते पाहावे. दूरवरचा व्यापारी मागणी नोंदवितो ती बहुधा अशीच, म्हणून ही दुसरी परीक्षा पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

उत्तरे हाती आली की चुका मोजत बसण्यापेक्षा त्यांची प्रतवारी करावी. रालेगन, रालेगण, सिद्धि ही सारी पहिल्या प्रकारात टाकावीत. त्यांनी नाव हरवत नाही. राळेगाव, सिद्दी, सीधी यांपैकी काही आले तर मात्र ते स्वतंत्र मांडावे. असे एकही रूप वारंवार येत असेल तर निवडलेल्या अक्षरांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. दूरध्वनीच्या परीक्षेत गावाचा ओ मध्ये शिरण्याचा संभव अधिक, कारण ऐकणारा ओळखीचा शेवट आपल्याच मनाने जोडतो. त्यावर उपाय नाव बदलण्याचा नव्हे. मागणी घेणाराने 'गण, शेवटी ए आणि एन' असे सांगण्याची शिस्त पाळावी, आणि चुकीच्या रूपाने आलेले पत्र किंवा शोधही आपल्यापर्यंत पोहोचेल अशी तजवीज करावी.

कान संतुष्ट झाल्यावर डोळ्यांची पाळी येते. दोन लिप्यांची ठेवण भिन्न आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. वर वेलांटी जाते, खाली द्ध चा फुगवटा उतरतो. रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते. शिवाय देवनागरीत हे नाव सहा अक्षरांचे आहे, तर रोमन लिपीत तेरा. दोन्ही ओळी एकाच मापाच्या टंकात जुळविल्या तर रोमन ओळ लांबच लांब पसरते आणि देवनागरी तिच्यापुढे खुजी वाटते. म्हणून माप टंकाच्या अंकावरून ठरवू नये, तर उंचीवरून ठरवावे. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची जी उंची, तिच्याहून रोमन ओळीतील मोठ्या अक्षराची उंची अधिक असू नये. असे केले की देवनागरी ओळ प्रमुख राहते, आणि दुकानाच्या पाटीला लागू असलेला नियमही सहज पाळला जातो. RALEGAN SIDDHI असे सर्व मोठ्या अक्षरांत लिहिले तर वरची कड सरळ येते आणि ती शिरोरेषेशी जुळते. दोन ओळी शेजारी ठेवावयाच्या असतील तेव्हा हे रूप अधिक शोभते.

छपाईत नाव बिघडते ते बहुधा एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे पुन्हा द्ध. गोणपाटाचा धागा जाड, शाई पातळ आणि अक्षर लहान असले की जोडाक्षराच्या पोटातील पोकळ जागा भरून येते व तेथे एक काळा गोळा राहतो. मग सिद्धी वाचली जाते ती केवळ अंदाजाने. कागदावरील नमुना पाहून समाधान मानू नये. ज्या पिशवीवर नाव छापावयाचे त्याच पिशवीवर, खऱ्या मापात एकदा छापून घ्यावे आणि चार-पाच पावलांवरून पाहावे. द आणि ध वेगळे दिसत नसतील तर अक्षर मोठे करावे किंवा कमी जाड टंक घ्यावा. परंतु जागा वाचविण्यासाठी द चा पाय मोडून 'द्‌धी' असे करण्याचा विचार असेल तर तो पाटी व पिशवी या दोन्ही ठिकाणी सारखाच करावा. एकीकडे जोडाक्षर आणि दुसरीकडे पायमोड, असे झाले की एकच नाव पुन्हा दोन झाले.

इतके सारे झाल्यावर कायद्याचा प्रश्न येतो, आणि तो आधीच्या श्रमांना मर्यादा घालतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे जे चिन्ह केवळ मालाचे उगमस्थान दाखविते त्याची नोंदणी सामान्यतः होत नाही. दीर्घ वापराने त्याला स्वतंत्र ओळख लाभली असेल तरच अपवाद. यातील न्याय उघड आहे. राळेगणसिद्धी हे नाव गावातील प्रत्येक शेतकऱ्याचे आहे. दहा-वीस जणांनी एकत्र येऊन ते आपल्यापुरते अडवून ठेवावे आणि शेजाऱ्याला आपल्याच गावाचे नाव लिहिण्याची बंदी व्हावी, हे कोणाला रुचेल? तेव्हा गावाचे नाव पिशवीवर जरूर असावे, पण ते उगमाची साक्ष म्हणून. नोंदणीसाठी त्याच्यापुढे एखादे वेगळे, स्वतःचे नाव लागेल.

ते नाव नव्याने निवडावयाचे असल्यामुळे, गावाच्या नावात ज्या अडचणी सोसाव्या लागल्या त्या येथे आधीच टाळता येतात. ळ व ण ही अक्षरे असू नयेत. त व ट, द व ड यांचा भेद रोमन लिपीत दिसत नाही, म्हणून ती शक्यतो टाळावीत. व असल्यास रोमन लिपीत 'व्ही' की 'डब्ल्यू' हे एकदाच ठरवावे. वारणेच्या दुधाने Warana असे डब्ल्यू घेऊन ते रूप कायम ठेवले, म्हणून त्यात आज कोणाला शंका येत नाही. झ असेल तर मराठी माणूस 'झेड' लिहील आणि हिंदी माणूस 'जे, एच'. शब्दाच्या मधला न उच्चारला जाणारा अकारही फसवा असतो: मोगरा लिहिताना Mogra की Mogara हा वाद त्यातूनच निघतो. म, न, र, स, क, ग, प, ब आणि सोबत आ, ई, ओ एवढ्यांत बसणारे नाव दोन्ही लिप्यांत स्वच्छ उतरते. मात्र 'सोना' सारखे नाव जितके स्वच्छ तितकेच सामान्यही असते, आणि सामान्य नाव आधीच दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असण्याचा संभव मोठा. स्वच्छपणा व वेगळेपणा या दोहोंची सांगड घालणे हेच खरे कठीण काम आहे.

एखादे नाव दुसऱ्याचे असेल तर आपण त्याचे अक्षर बदलून घेऊ, अशी पळवाट पुष्कळांना सुचते. ती उपयोगाची नाही. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांचा वाद १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा न्यायालयाने दोन्ही नावे समग्र घेऊन, साधारण बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या गिऱ्हाइकाच्या कानाला ती कशी लागतील हे पाहिले, आणि ती फसगत होण्याइतकी सारखी असल्याचे मत दिले. कायदासुद्धा अखेर कानाचीच साक्ष काढतो. एक ए अधिक घालून किंवा एच गाळून नाव वेगळे होत नाही; उलट स्वतःच्या नावाची रूपे मात्र वाढतात. नोंदणी एका रूपाची आणि वापर दुसऱ्या रूपाचा असे झाले, तर उद्या तंट्याच्या वेळी स्वतःचेच नाव स्वतःचे म्हणून सिद्ध करण्याची पाळी येते.

पत्त्यातील जिल्ह्याचे नावही विसरून चालणार नाही. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, आणि त्याचे रोमन रूप Ahilyanagar असे रूढ झाले. संस्कृतात 'अहल्या', मराठीत 'अहिल्या'. म्हणजे येथेही दोन रूपांतून एक निवडावे लागले. जिल्ह्याचे रूप शासन ठरविते, त्यामुळे शेतकऱ्याला तेथे निवड नाही. जे ठरले ते अक्षरशः उतरवावयाचे. गावाच्या नावाची रूपे मात्र लोकांच्या लिहिण्याने टिकतात वा बदलतात, म्हणून तेथे स्वतःची शिस्त लागते.

ती शिस्त एका कागदावर मावते. वरच्या ओळीत देवनागरी रूप, 'राळेगणसिद्धी', सलग, दीर्घ ई, द नंतर ध. दुसऱ्या ओळीत रोमन रूप, Ralegan Siddhi, दोन शब्द, ओ नाही, शेवटी एकच आय. तिसऱ्या ओळीत सलग रूप, पत्त्यांपुरते. चौथ्या ओळीत वर्ज्य रूपे, कारणांसह: राळेगाव हे दुसरे गाव, सिद्दी हा दुसरा शब्द, सीधी हा दुसरा जिल्हा, सिध्दी हे अशुद्ध. हा कागद छापखान्यात द्यावा, पाटी रंगविणाराला द्यावा, आडत्याला द्यावा आणि बँकेत खाते उघडताना सोबत ठेवावा. नमुना परत आला की नाव एकदम वाचू नये, कारण ओळखीचे नाव डोळा न पाहताच पुरे करतो. अक्षरे शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक मोजावीत: देवनागरीत सहा, रोमन लिपीत तेरा. बेरीज जुळली आणि द्ध उघडा दिसला, तर छापण्यास हरकत नाही.